सहावी ग्रेड, पाचवीची थिअरी आणि साठ गुणांचा कोपरा

हे प्रकरण कोथरूडमधल्या एका मुलीचं आहे. ती, तिची आई आणि तिच्या पियानोच्या बाई यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गुण, चुका आणि निर्णय मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. मी तिचा शिक्षक नाही. सराव-परीक्षेला अनोळखी माणूस समोर असावा म्हणून तिच्या बाईंनी मला बोलावलं आणि त्यातून मी या प्रकरणात आलो.

पार्श्वभूमी

मुलगी त्या वेळी नववीत जाणारी. घरात आजोबांची पेटी, त्यामुळे लहानपणापासून सरगम तोंडात आणि हिंदुस्थानी गाण्याच्या सुरुवातीच्या दोन परीक्षाही झालेल्या. पियानो नंतर आला आणि गाणं मागं पडलं. लंडनच्या एबीआरएसएम या मंडळाच्या ग्रेड परीक्षा पुण्यात बरीच मुलं देतात. तिनं पहिली, तिसरी आणि पाचवी ग्रेड दिली होती. मधल्या गाळल्या तरी चालतं, कारण पाचवीपर्यंत आधीची ग्रेड असण्याची अट नाही. पाचवी ती पास झाली, पण काठावर. घरी डिजिटल पियानो, रोजचा रियाज पाऊण तास आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ परीक्षेच्या तीन पीसेसवर, म्हणजे बसवलेल्या रचनांवर.

जून महिन्यात आईनं बाईंना सांगितलं, "दहावीच्या आधी सहावी ग्रेड उरकून टाकू या. नंतर वेळ मिळायचा नाही."

अडचण

पहिली अडचण कागदावरची होती. सहावीपासून पुढच्या प्रॅक्टिकल ग्रेडला बसायचं तर पाचव्या ग्रेडची थिअरी आधी पास असावी लागते. (तिच्याऐवजी चालणारे एकदोन पर्याय नियमात आहेत, पण बहुतेक मुलं थिअरीच देतात.) पास झाल्याशिवाय सहावीचा फॉर्मच भरता येत नाही. दोन्ही एकाच वेळी भरून नंतर बघू, असं जमत नाही. आईला हे तेव्हाच कळलं. पाचवीपर्यंत अट नसते, म्हणून थिअरी सगळ्याच घरांत मागे पडते आणि मग सहावीच्या दारात अशी धावपळ होते.

दुसरी अडचण सराव-परीक्षेत दिसली. प्रॅक्टिकल एकूण 150 गुणांची: तीन पीसेस प्रत्येकी 30, स्केल्स-आर्पेजिओ म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह 21, न पाहिलेला उतारा वाजवायचं साइट-रीडिंग 21 आणि ऐकून गायची-ओळखायची ऑरल 18. पास व्हायला 100, मेरिटला 120, डिस्टिंक्शनला 130. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागत नाही, बेरीज बघतात. तरी प्रत्येक भागाला स्वतःची पासची रेघ आहे: पीसला 20, स्केल्स आणि साइट-रीडिंगला 14, ऑरलला 12. परीक्षक या रेघेपासून सुरुवात करून वर किंवा खाली जातो. शंभरातून चुका वजा करत येणारी ही पद्धत नाही. शाळेच्या गुणांची सवय असलेल्या पालकांच्या हे पटकन लक्षात येत नाही.

मी दिलेले गुण असे होते. पीसेस 26, 25, 23. स्केल्स 14. साइट-रीडिंग 10. ऑरल 10. बेरीज 108.

"म्हणजे पास आहे ना?" आई म्हणाली. पास होतीच. पण पाचवीतही हेच घडलं होतं: पीसेसनी बाकीचं सगळं ओढून नेलं. सातवीत साइट-रीडिंगचा उतारा आणखी लांब आणि अवघड होतो, ऑरलमध्ये खालचा आवाज गायचा असतो. तिथं पीसेस किती ओढणार?

पर्याय

पहिला पर्याय, थिअरी कशीबशी काढायची आणि पीसेस आणखी घासून सहावीला बसायचं. मी आईसमोर हिशेब मांडला. मेरिटला 12 गुण कमी होते. पीसेसमध्ये 26 चे 28 करायला महिने जातात, कारण त्या पातळीवर चुकीचे सूर दुरुस्त करायचे उरलेले नसतात. आवाजाचा रंग, वाक्याचा आकार, एकूण सादरीकरण यांवर गुण असतात. साइट-रीडिंगचे 10 चे 15 मात्र नियमित कामानं होतात.

दुसरा पर्याय गंभीरपणे विचार करण्यासारखा होता. 2020 पासून मंडळानं परफॉर्मन्स ग्रेड सुरू केल्या आहेत. त्यात चार पीसेस एका दमात, मध्ये न थांबता वाजवून चित्रित करून पाठवायचे. प्रत्येकी 30 आणि संपूर्ण सादरीकरणाला आणखी 30. स्केल्स नाहीत, साइट-रीडिंग नाही, ऑरल नाही. प्रमाणपत्र त्याच पातळीचं. मुलीला हा मार्ग मनापासून आवडला, आणि तिच्या ताकदीला तो शोभणाराही होता. थिअरीची अट तिथंही आहे, म्हणून तेवढ्यापुरता काही फायदा नव्हता.

तिसरा पर्याय दुसऱ्या मंडळाचा, ट्रिनिटीचा, मुलीच्या मावशीनं सुचवला होता. पण तिथली पीसेसची यादी वेगळी, म्हणजे तयार झालेलं बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात. तो पाच मिनिटांत बाजूला पडला.

चौथा, एक सत्र पुढं ढकलायचं. दिवाळीपर्यंत थिअरी, तिच्याबरोबरच साइट-रीडिंग आणि ऑरल, आणि प्रॅक्टिकल उन्हाळ्यात.

निर्णय बाईंनी एका प्रश्नावर घेतला. त्यांनी मुलीला विचारलं, "परीक्षा संपल्यावर तुला एखादं आवडलेलं गाणं पुस्तकातून बघून स्वतः वाजवता येतं का?" येत नव्हतं. प्रत्येक नवा पीस ती बाईंच्या हाताकडे बघून आणि कानानं उचलत होती. चौथा पर्याय ठरला. परफॉर्मन्स ग्रेडचा विचार सातवीच्या वेळी पुन्हा करायचा, असं मुलीला कबूल केलं, नाहीतर ती तयार झाली नसती.

काय केलं: ऑरल

सगळ्यात जास्त कोडं ऑरलचं होतं. सरगम येणारी, सुरात गाणारी मुलगी, आणि 18 पैकी 10?

सहावीच्या ऑरलमध्ये परीक्षक पियानोवर दोन आवाजांचा छोटा उतारा वाजवतो, त्यातला वरचा आवाज आठवणीनं म्हणायचा. हे तिनं उत्तम केलं. दुसऱ्या चाचणीत स्वरलिपी बघून एक ओळ गायची, परीक्षक साथ करतो. आधी तो त्या पट्टीचा मुख्य कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणि सुरुवातीचा सूर देतो. इथं ती दुसऱ्याच सुरापासून घसरली आणि शेवटपर्यंत सावरली नाही.

मी सरावाला दिलेली ओळ एफ मेजरमध्ये होती आणि ए या सुरावर सुरू होत होती. पुढचा सूर बी फ्लॅट. ती बी फ्लॅटऐवजी साधा बी गायली. पुढंही प्रत्येक सूर जागेच्या अंतरानं बरोबर, पण अर्ध्या पडद्यानं इकडेतिकडे. बाईंना वाटलं, कान कच्चा झालाय. मला वेगळा संशय आला आणि मी तिला तीच ओळ सरगममध्ये म्हणायला सांगितली. ती म्हणाली, "सा रे…". तिथंच उलगडा झाला. परीक्षकानं दिलेल्या पहिल्या सुराला ती सा मानत होती. आयुष्यभर तानपुऱ्यावर गायलेल्या मुलीला सूर दिला की तो सा, हे अंगवळणी पडलेलं. ए ला सा धरला तर शुद्ध रे म्हणजे बी, म्हणून ती बी गायली. कान पक्काच होता, घर चुकत होतं. एफ हा सा, ए हा ग, आणि बी फ्लॅट म्हणजे शुद्ध म. ग-म हे अंतर तिला झोपेतही गाता येतं.

उपाय सोपा पण चिवट निघाला. कॉर्ड वाजला की त्याचा तळाचा सूर मनात "सा" म्हणून धरायचा, आणि मग दिलेल्या सुराला नाव द्यायचं: हा ग, हा प, हा ध. नाव दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तानपुरा सतत वाजत असतो. इथं कॉर्ड एकदा वाजतो आणि विरतो, सा स्वतःच्या डोक्यात टिकवावा लागतो. हे बसायला दोनेक महिने गेले. गणपतीत सगळं बंद होतं, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी चाचणी कॅडन्सची: वाक्य संपताना परफेक्ट की इम्परफेक्ट. म्हणजे शेवटचे कॉर्ड घरी, सा वर, येऊन थांबले की पंचमाच्या कॉर्डवर लटकत राहिले. ती वरची चाल ऐकून उत्तर द्यायची आणि निम्म्या वेळा फसायची, कारण वरचा सूर दोन्हीकडे सारखा असू शकतो. पंचमाचा सूर सा च्या कॉर्डमध्येही असतो आणि प च्या कॉर्डमध्येही. डाव्या हाताचा खर्ज ऐकायला लागल्यावर हा प्रश्न संपला.

उरला शेवटचा भाग, वाजवलेल्या तुकड्याबद्दल बोलणं: पोत, रचना, शैली, काळ. इथं तिचं ज्ञान अपुरं होतं आणि भाषाही आड येत होती. परीक्षा इंग्रजीत असते, ही घाबरून एका शब्दात उत्तर द्यायची. तिनं आपल्या पीसेसव्यतिरिक्त पियानो फारसा ऐकलेलाच नव्हता. रोज जेवताना एक तुकडा ऐकायचा आणि बरोक, क्लासिकल, रोमँटिक की विसाव्या शतकातला हे कारणासकट सांगायचं, असं ठरलं. कारण मराठीत, उत्तर इंग्रजीत. आजोबाही यात ओढले गेले आणि बहुतेक वेळा तेच जिंकत.

ऑरलमध्ये आवाजाच्या गोडव्याला गुण नाहीत, सूर बरोबर लागतो का एवढंच बघतात. गुणगुणलं तरी चालतं. वयात येणाऱ्या, गायला लाजणाऱ्या मुलांना हे आधी सांगून ठेवावं.

काय केलं: साइट-रीडिंग आणि स्केल्स

साइट-रीडिंगमध्ये न पाहिलेला उतारा समोर ठेवतात आणि बघायला अर्धा मिनिट देतात. या अर्ध्या मिनिटात वाजवून बघायची मुभा असते. पुष्कळ मुलं हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसतात. ही मुलगी वाजवायची, पण पहिल्या मापापासून, आणि अर्धं मिनिट दुसऱ्या ओळीवरच संपायचं. मग प्रत्यक्षात चुकीचा सूर आला की थांबून दुरुस्त करायची. परीक्षक इथं आधी ओघ आणि लय बघतो. एखादा सूर चुकला पण ठेका सुटला नाही तर पासच्या रेघेवर राहता येतं. सूर दुरुस्त करायला थांबलं की रेघेखाली.

तिचा एक जुना संस्कार इथंही आडवा आला. सरावातला उतारा 6/8 मध्ये होता. तिला तो दादरा वाटला, सहा मात्रा, आणि प्रत्येक मात्रेला सारखं वजन देत ती रखडत वाजवू लागली. 6/8 मध्ये ठोके दोनच, प्रत्येकात तीन. दादऱ्याचे विभागही तीन-तीनचेच आहेत, तेव्हा सम आणि काल एवढ्यावरच टाळी द्यायला सांगितली आणि गाडी पुढं सरकली.

अर्ध्या मिनिटाचा क्रम बाईंनी ठरवून दिला. पट्टी, ठोके, मग सगळ्यात गुंतागुंतीचं माप शोधून तेवढंच वाजवून बघायचं, आणि त्या मापात जमेल तोच वेग संपूर्ण उताऱ्याला. रोज एक उतारा. एकदा वाजवलेला उतारा पुन्हा वाजवायचा नाही, कारण दुसऱ्यांदा वाजवला की तो पीस झाला.

स्केल्समध्ये तिला सूर येत होते. पण पुस्तकाच्या क्रमानं. परीक्षक मधूनच कुठलंही मागतो आणि सूर-लयीबरोबर किती तत्परतेनं सुरू करता तेही बघतो. काळ्या पट्टीवरून सुरू होणारं मायनर मागितलं की तिचे तीन-चार सेकंद बोटं शोधण्यात जायचे, मग चुकीची सुरुवात, मग पुन्हा पहिल्यापासून. चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या, रोज सहा काढायच्या. हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणीचे सूर, हे तिला आधीच माहीत होतं. अंगठा कुठल्या सुरावर आत घ्यायचा एवढंच बसवायचं राहिलं होतं.

काय केलं: थिअरी

पाचवीपर्यंतची थिअरी ऑनलाइन असते, घरच्या संगणकावर, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली. 75 गुण, पासला 50, मेरिटला 60. लय, सूर, पट्ट्या, अंतरं, कॉर्ड, संज्ञा असे भाग. बहुतेक उत्तरं निवडायची असल्यामुळे मुलांना ती सोपी वाटते, पण त्यात "जवळपास बरोबर" या गोष्टीला जागा नसते. अंतर मेजर की मायनर हे चुकलं की गुण गेला.

तिचे गुण सगळ्यात जास्त जात होते ते ट्रान्स्पोझिशनमध्ये. बी फ्लॅटमधल्या क्लॅरिनेटसाठी लिहिलेली ओळ प्रत्यक्षात कुठं ऐकू येते, किंवा उलटं. ती पूर्ण सूर बरोबर सरकवायची, पण चुकीच्या दिशेनं. इथं पेटीची भाषा कामाला आली. क्लॅरिनेटवाला लिहिलेला सी वाजवतो तेव्हा बी फ्लॅट ऐकू येतो, म्हणजे त्याचा सा काळी पाच. ए मधल्या क्लॅरिनेटचा पांढरी सहा. एफ हॉर्नचा पांढरी चार. आणि तिन्ही ठिकाणी ऐकू येणारा सूर लिहिलेल्यापेक्षा खाली. आधी वाद्याची पट्टी बोलायची, मग कागदाला हात लावायचा. यानंतर दिशेची चूक बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

निष्पत्ती

थिअरी नोव्हेंबरात दिली: 58. पास, मेरिट दोन गुणांनी हुकलं. मुलगी नाराज झाली. बाईंनी पुन्हा द्यायची नाही असं ठरवलं, कारण अट पासची होती आणि वेळ प्रॅक्टिकलला हवा होता.

प्रॅक्टिकल उन्हाळ्यात झाली. पीसेस 25, 25, 23. स्केल्स 18. साइट-रीडिंग 15. ऑरल 15. बेरीज 121, मेरिट.

पीसेसची बेरीज सराव-परीक्षेतल्या 74 वरून 73 वर आली, ती मला अपेक्षितच होती. रियाजातला त्यांचा वाटा निम्म्यावर आला होता. बाकीच्या तीन भागांत 34 चे 48 झाले.

पीसेसवरच्या शेऱ्यात पेडलबद्दल टिप्पणी होती: एका पीसमध्ये कॉर्ड बदलताना सूर एकमेकांत मिसळत होते. कारण माहीत आहे. घरच्या डिजिटल पियानोचं पेडल आणि परीक्षेच्या अकूस्टिक पियानोचं पेडल यांत फरक असतो. अकूस्टिकवर तारा जास्त घुमतात आणि पाय थोडा जरी उशिरा उचलला तरी चिखल होतो. परीक्षेआधी ती एका ओळखीच्यांकडे दोनदा अकूस्टिकवर बसून आली होती. पाऊल बदलायला दोन बैठका पुरत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पेडलचं आधी सांगतो, कारण त्याला पैशाचा प्रश्न चिकटलेला आहे. अकूस्टिक पियानो विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, पण परीक्षेआधीचे दोन महिने आठवड्यातून एक तास तो भाड्यानं मिळवता आला असता. पीसेसचे गेलेले गुण बहुतेक तिथंच सापडले असते.

दुसरं, थिअरी पाचवी ग्रेड झाल्यावर सुरू झाली, ती प्रॅक्टिकलच्या तिसऱ्या ग्रेडपासून शेजारी चालवता आली असती. तसं झालं असतं तर साइट-रीडिंगचा प्रश्न इतका साचला नसता, कारण कागद वाचणं दोन्हीकडे एकच असतं. बाईंचं यावर मत वेगळं आहे. त्यांच्या मते अकरा वर्षांच्या मुलीला क्लेफ आणि अंतरं शिकवत बसलो असतो तर तिनं पियानोच सोडला असता. मला तसं वाटत नाही, पण मुलगी त्यांची विद्यार्थिनी आहे.

तिसरं, सा चुकण्याची गोष्ट पाच वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. वर्गात ऑरल परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत घेतलं जायचं, तेही उत्तर बरोबर की चूक एवढंच बघून. पेटी किंवा गाण्याच्या घरातून आलेल्या प्रत्येक मुलाकडून पहिल्याच महिन्यात एक ओळ सरगममध्ये म्हणवून घ्यावी, म्हणजे तो सा कुठं धरतो ते लगेच कळतं.

परफॉर्मन्स ग्रेडचा निर्णय बरोबर होता का, यावर घरात अजून एकमत नाही. आईचं म्हणणं, मुलगी तिथं 125 च्या वर गेली असती. शक्य आहे. सातवीसाठी तोच मार्ग घ्यायचा असं मुलीचं म्हणणं होतं. सध्या तिनं दोन्हीचे अभ्यासक्रम छापून आणले आहेत आणि दहावीची सहामाही झाली की ठरवणार आहे. साइट-रीडिंगचा रोजचा उतारा मात्र कुणी न सांगता चालू आहे.